करार नव्हता, शब्द होता : विसंबून राहणाऱ्याला न्याय कधी मिळतो?

मागच्या व्याख्यानात आपण वचनाचं नैतिक बंधन कुठून येतं, यावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ आमच्यासाठी मागे थांबले. वय साठीच्या आसपास. म्हणाले, "सर, तुमचं तत्त्वज्ञान ठीक आहे, पण माझ्या बाबतीत काय ते सांगा."

त्यांची हकीकत अशी. गावाकडे मामांचं जुनं घर होतं, पडायला आलेलं. मामा त्यांना म्हणाले, "तू इथे राहा, घर नीट बांधून घे. आमच्यानंतर ते तुझंच आहे." यांनी शहरातली भाड्याची खोली सोडली. घराचं छप्पर बदललं, मागच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या, बोअर मारली. अकरा वर्षं तिथे राहिले. मग मामा वारले आणि मामेभाऊ म्हणाले, घर रिकामं करा. आम्ही विचारलं, काही कागद आहे का? ते म्हणाले, "सर, मामाकडे कागद मागायचा असतो का?"

आजचं व्याख्यान या एका वाक्यावर आहे असं समजा. आपल्याकडे बहुतेक महत्त्वाची वचनं कागदावर नसतातच. जिथे विश्वास असतो तिथे कागद मागणं हा अपमान वाटतो, आणि नेमका तिथेच माणूस सगळ्यात जास्त विसंबून राहतो. मग प्रश्न असा, की करार नसताना, नुसत्या न्यायबुद्धीच्या जोरावर, असं वचन पाळायला लावता येतं का? येत असेल तर कधी, आणि किती?

आधी कायदा कुठून सुरुवात करतो ते पाहू. १८७२ चा भारतीय करार कायदा म्हणतो, की ज्या ठरावात प्रतिफल नाही तो रद्दबातल. प्रतिफल म्हणजे मोबदला. तू मला काय दिलंस म्हणून मी तुला हे देणं लागतो, त्याचं उत्तर. याला कलम २५ मध्ये मोजके अपवाद आहेत. जवळच्या नात्यात प्रेमापोटी दिलेलं वचन चालतं, पण ते लेखी आणि नोंदणी केलेलं हवं. म्हणजे बघा, कायदा प्रेम मान्य करतो, फक्त रजिस्ट्रार कचेरीत जाऊन या म्हणतो.

हे ऐकून कायदा कोरडा आहे असं वाटेल, पण त्यामागे विचार आहे. माणूस दिवसभरात किती काय बोलतो! "तुझ्या मुलीच्या शिक्षणाचं मी बघतो", "निवृत्त झालो की दुकान तुझ्या ताब्यात देतो". असं प्रत्येक वाक्य कोर्टात खेचता आलं, तर लोक बोलायचंच बंद करतील. शिवाय माणूस गेल्यावर "ते मला असं म्हणाले होते" म्हणणारे चार जण उभे राहतात. मोबदला आणि कागद या दोन चाळण्या आहेत. पोकळ बोलणं आणि खरं वचन त्यांतून वेगळं व्हावं, एवढाच त्यांचा हेतू.

अडचण अशी, की चाळणीतून कधी कधी खरा दाणाही खाली पडतो. तो कोणता, हे कळण्यासाठी दोन जुने खटले शेजारी ठेवून पाहू. दोन्ही वर्गणीचे आहेत, आणि वर्गणी हा विषय आपल्याला कुणी शिकवायला नको.

पहिला १८८६ चा, कलकत्ता उच्च न्यायालयातला. हावड्याला टाउन हॉल बांधायचं ठरलं. वर्गणीची यादी फिरली. एका गृहस्थांनी शंभर रुपयांचा आकडा घालून सही केली. वर्गणी जमतेय या भरवशावर नगरपालिकेच्या मंडळींनी ठेकेदाराशी बांधकामाचा करार केला. नंतर या गृहस्थांनी शंभर रुपये द्यायला नकार दिला. न्यायालय म्हणालं, द्यावे लागतील. पैसे कशासाठी मागितले जाताहेत हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्या सहीच्या भरवशावर दुसरा माणूस ठेकेदाराचं देणं अंगावर घेणार, हेही ठाऊक होतं.

दुसरा १९१४ चा, अलाहाबाद उच्च न्यायालयातला. एका मशिदीच्या दुरुस्तीसाठी पाचशे रुपये देण्याचं वचन होतं. रक्कम पाचपट, काम धार्मिक. पण त्या वचनावर विसंबून कुणी काही केलेलं नव्हतं, दुरुस्तीला हातही लागलेला नव्हता. न्यायालयानं दावा फेटाळला.

आता विचार करा, फरक कुठे आहे? वचन दोन्हीकडे होतं. वचन देणाऱ्याच्या पदरात दोन्हीकडे काहीच पडलं नव्हतं. फरक आहे तो वचन ऐकणाऱ्याच्या बाजूला. हावड्याला कुणीतरी त्या शब्दावर पाय ठेवून पुढे गेलं होतं, मशिदीच्या बाबतीत कुणी जागचं हललंच नव्हतं. शब्द मागे घेतला, तर हावड्याला कुणीतरी खड्ड्यात पडत होतं.

एक काटेकोर गोष्ट इथेच सांगतो. हावड्याच्या खटल्यात न्यायालयानं याला करारच म्हटलं. आपल्या करार कायद्यात प्रतिफलाची व्याख्या रुंद आहे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्यानं काही केलं, तर ते करणंच प्रतिफल ठरतं, मग वचन देणाऱ्याला त्यातून फायदा होवो न होवो. त्यामुळे आपल्याकडे पहिला प्रश्न नेहमी हा विचारावा, की समोरच्यानं जे केलं ते वचन देणाऱ्याच्या सांगण्यावरून केलं का? तसं असेल तर पुष्कळदा करारच सिद्ध होतो आणि न्यायबुद्धीला हाका मारायची गरज पडत नाही. आपण बोलणार आहोत ते त्याच्या पलीकडच्या प्रदेशाबद्दल, जिथे कराराची चौकट काही केल्या बसत नाही.

त्या प्रदेशात एक तत्त्व काम करतं. इंग्रजीत त्याला प्रॉमिसरी इस्टॉपेल म्हणतात, मराठीत वचनविबंध. विबंध म्हणजे अडवणं. तुझ्या शब्दावर विसंबून दुसऱ्यानं आपली परिस्थिती बदलली आहे, आता तो शब्द फिरवणं अन्यायाचं होईल, म्हणून तुला तो फिरवू देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आधुनिक काळात हे तत्त्व गाजलं ते लंडनच्या एका भाड्याच्या प्रकरणानं. १९३७ साली एका कंपनीनं फ्लॅटची अख्खी इमारत वर्षाला अडीच हजार पौंडांनी भाड्यानं घेतली, फ्लॅट पुढे पोटभाड्यानं द्यायचे म्हणून. महायुद्ध सुरू झालं, लोक लंडन सोडून गेले, फ्लॅट रिकामे पडले. १९४० मध्ये मालकांनी भाडं निम्मं, म्हणजे साडेबाराशे पौंड केलं. त्याबद्दल मोबदला काही घेतला नाही. १९४५ मध्ये इमारत पुन्हा भरली आणि पूर्ण भाड्याची मागणी आली. न्यायमूर्ती डेनिंग यांनी सांगितलं, की इमारत भरल्यानंतरचं पूर्ण भाडं मागता येईल. पण युद्धकाळातली राहिलेली निम्मी रक्कम मालकांनी मागितली असती, तर ती त्यांना मिळाली नसती. भाडेकरूनं त्या शब्दावर व्यवहार चालवला होता.

इथे न्यायबुद्धीचा स्वभाव दिसतो. तिनं सवलत कायमची केली नाही. ज्या परिस्थितीसाठी शब्द दिला होता ती संपली, तसा शब्दाचा जोरही संपला. करार असता तर त्याची मुदत पाहिली असती. न्यायबुद्धी विचारते, की आता शब्द फिरवला तर खरोखर कुणावर अन्याय होतो का?

इंग्लंडमध्ये मात्र या तत्त्वाला एक मर्यादा घातली गेली. १९५१ साली एका घटस्फोटित बाईंनी नवऱ्याच्या वर्षाला शंभर पौंड देण्याच्या वचनावर दावा लावला. तिथे न्यायालय म्हणालं, की हे तत्त्व ढाल आहे, तलवार नाही. कुणी तुमच्यावर चालून आला तर त्याला त्याच्याच शब्दानं अडवा. पण नुसत्या शब्दाच्या बळावर तुम्ही होऊन दावा लावू शकत नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे खटकतं. अन्याय तोच आहे, मग माझ्यावर चाल करून आलास तर अन्याय, आणि नुसता हात वर करून बसलास तर नाही, हे कसं?

हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हाताळला तो एका वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या निमित्तानं. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. हा खटला सावकाश, तारखांनिशी पाहू, कारण सगळं मर्म तारखांतच आहे.

१० ऑक्टोबर १९६८. वर्तमानपत्रात बातमी आली, की उत्तर प्रदेश सरकार नव्या उद्योगांना तीन वर्षं विक्रीकर माफ करणार. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं उद्योग संचालकांना लिहिलं, की या सवलतीमुळे आम्ही वनस्पतीचा कारखाना काढायचा विचार करतोय. संचालकांनी तीन दिवसांत होकार कळवला. कंपनीचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. तिनं सरकारच्या मुख्य सचिवांकडे विचारणा केली. डिसेंबरात उत्तर आलं, की सरकार तुमच्या विनंतीचा विचार करायला तयार आहे.

इथे थांबा. "विचार करायला तयार आहे" हे वचन आहे का? नाही. सरकारी भाषेत हे वाक्य रोज हजार वेळा लिहिलं जातं आणि त्यानं कुणी बांधलं जात नाही. कंपनीच्या लोकांना हे बरोबर कळलं. कर्ज देणाऱ्या संस्थांना पक्कं उत्तर हवं आहे, असं सांगून त्यांनी पुन्हा लिहिलं. २३ जानेवारी १९६९ ला मुख्य सचिवांचं पत्र आलं: उत्पादन सुरू झाल्यापासून तीन वर्षं तुमच्या कारखान्याला विक्रीकर माफ राहील. आता वाक्यात कुठे "विचार" नाही. कोणाला, काय, किती काळ आणि केव्हापासून, सगळं स्पष्ट आहे. त्यानंतरच कंपनीनं कर्ज उचललं आणि यंत्रसामग्रीची मागणी नोंदवली.

कारखाना उभा राहत असताना सरकारचा विचार बदलू लागला. २० जानेवारी १९७० ला कळवण्यात आलं, की पूर्ण माफी नाही, पण पहिल्या वर्षी साडेतीन टक्के, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी अडीच टक्के अशी सवलतीच्या दरानं आकारणी होईल. कंपनीनं जूनमध्ये, बरं, ही योजना आम्हाला लागू करा, असं कळवलं. २ जुलै १९७० ला उत्पादन सुरू झालं. आणि १२ ऑगस्टला बातमी आली, की तीही सवलत रद्द.

कंपनी अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली आणि हरली. उच्च न्यायालय म्हणालं, तुम्ही अर्धी सवलत मान्य केलीत, म्हणजे पूर्ण माफीवरचा हक्क सोडलात. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. निकाल १२ डिसेंबर १९७८ ला लागला. न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर यांचं पीठ होतं, निकालपत्र भगवतींचं.

त्यातले चार मुद्दे आपण समजून घेऊ.

पहिला, हक्क सोडण्याचा. न्यायालय म्हणालं, की हक्क सोडला असं म्हणायचं तर तो आपल्याला आहे हे माणसाला माहीत असायला हवं. अर्ध्यावर तडजोड करणाऱ्या माणसाला आपल्याला पूर्ण मिळू शकतं हे ठाऊक नसेल, तर त्या तडजोडीला हक्कत्याग म्हणता येत नाही. घरगुती भांडणात हे फार उपयोगी आहे. "पण तेव्हा तू काही बोलला नाहीस" एवढ्यानं सगळं संपत नाही.

दुसरा, कराराचा. संविधानाच्या कलम २९९ प्रमाणे सरकारशी करार विशिष्ट पद्धतीनंच व्हावा लागतो. मुख्य सचिवांचं पत्र म्हणजे असा करार नव्हे. न्यायालय म्हणालं, बरोबर आहे, पण इथे कराराची अंमलबजावणी चाललेलीच नाही. सरकारवर जबाबदारी येते ती न्यायबुद्धीतून, म्हणून कराराचे नियम तिला लावता येत नाहीत. आणि जिथे अन्याय टाळण्यासाठी गरज आहे तिथे या तत्त्वावर दावाही उभा राहू शकतो. ढालीची मर्यादा आपल्याकडे अशी गळून पडली.

तिसरा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरकारचा सवाल होता, की कंपनीचं नुकसान काय झालं? कारखाना तर उभा आहे, चालतो आहे. न्यायालयानं सांगितलं, की विसंबून केलेल्या कृतीतच नुकसान दिसायला हवं अशी अट नाही. माणसानं आपली परिस्थिती बदलली, एवढं पुरे. नुकसान पाहायचं ते शब्द फिरवू दिल्यावर काय होईल त्यात. साध्या भाषेत सांगायचं, तर शिडीवर चढणाऱ्याचं चढताना काही बिघडत नाही, उलट तो वर जातो. त्याचं काय बिघडलं हे शिडी काढल्यावर कळतं. आमच्या त्या गृहस्थांचं तरी तसंच आहे. अकरा वर्षं ते चांगल्या घरात राहिले, तेव्हा नुकसान काय म्हणून विचारणारे भेटतीलच.

चौथा, मर्यादांचा. सरकारला शब्द कधीच फिरवता येणार नाही असं न्यायालयानं म्हटलेलं नाही. तत्त्व न्यायबुद्धीतून आलं, तर न्यायबुद्धीनंच ते थांबायलाही हवं. वचन पाळण्यानं लोकहिताला मोठा धक्का बसत असेल, तर न्यायालय दोन्ही पारडी तोलेल. पण "धोरण बदललं" एवढं मोघम सांगून चालणार नाही. काय बदललं, का बदललं, लोकहित नेमकं कुठे धोक्यात आलं, ही सगळी माहिती सरकारनं न्यायालयापुढे ठेवली पाहिजे. दुसरं, समोरच्याला पूर्वस्थितीत येणं अजून शक्य असेल, तर पुरेशी आगाऊ सूचना देऊन शब्द मागे घेता येईल. तिसरं, कायद्यानं ज्याला मनाई आहे ते वचन या तत्त्वानं कधीच पाळायला लावता येत नाही, आणि कायदेमंडळाला कायदा करण्यापासूनही अडवता येत नाही. इथे करमाफी देण्याचा अधिकार सरकारला विक्रीकर कायद्यानंच दिलेला होता, म्हणून वाट मोकळी होती. कंपनी जिंकली, तीन वर्षांच्या पूर्ण माफीसह.

महाराष्ट्रात याच्या थोडं आधी असाच प्रश्न उल्हासनगरला आला होता. तिथल्या नगरपालिकेनं कारखान्यांना सात वर्षं जकात माफ करण्याचं मान्य केलं. सेंच्युरी कंपनीचं म्हणणं असं, की त्या भरवशावर आम्ही कारखाना वाढवला, आणि आता नगरपालिका जकात मागते. मुंबई उच्च न्यायालयानं अर्ज सुरुवातीलाच फेटाळला होता. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा नीट ऐकायला लावला. भूमिका अशी, की करार ठरलेल्या नमुन्यात नसला तरी योग्य प्रकरणी न्यायबुद्धीनं वचन पाळायला लावता येतं, आणि शब्द पाळण्याच्या बाबतीत नागरिकांना एक नियम आणि सार्वजनिक संस्थांना दुसरा, असं सर्वसाधारणपणे चालणार नाही.

आता या सगळ्यातून कसोटी काय निघते? आमच्या मते चार प्रश्न क्रमानं विचारावेत. शब्द स्पष्ट होता का, की नुसती आशा दाखवली होती? ज्यानं शब्द दिला त्याला, समोरचा यावर विसंबून काही करणार, हे कळत होतं का? समोरच्यानं खरंच काही केलं का, आणि ते त्या शब्दामुळेच केलं का? आणि आता शब्द फिरवू दिला तर जे होईल ते अन्यायाचं आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक दावे मोडतात. माणसानं खर्च केलेला असतो, पण शब्द नसता तरी तो केलाच असता असं उघड होतं. राहत्या घराला रंग प्रत्येकजण देतो. म्हणून तारखा लागतात. शब्द आधी आणि कृती नंतर, हा क्रम दाखवता आला पाहिजे. वनस्पतीच्या कारखान्याचा दावा टिकला, कारण जानेवारीचं पत्र आधी आणि यंत्रांची मागणी नंतर होती.

आणि इथे तत्त्वज्ञानाचा मुद्दा उघडा होतो. न्यायबुद्धी वचनाचं रक्षण करत नाही, ती विसंबण्याचं रक्षण करते. वचनाचंच रक्षण करायचं असतं, तर मशिदीचे पाचशे रुपयेही वसूल झाले असते. शब्द मोडणं हा नैतिक दोष तिथेही होताच. पण न्यायालय नैतिक दोषाला शिक्षा करायला बसलेलं नसतं. एकानं दुसऱ्याच्या आयुष्याला आपल्या शब्दानं वळण द्यायचं आणि त्या वळणाचा भार मात्र त्यानंच एकट्यानं सोसायचा, हे ते होऊ देत नाही. म्हणूनच मिळणारा दिलासाही पुष्कळदा वचनाएवढा नसतो, अन्याय टळेल एवढाच असतो. कधी पूर्ण माफी मिळते, कधी फक्त युद्धाच्या वर्षांपुरती सूट.

आता त्या गृहस्थांकडे परत येऊ. घर ही स्थावर मिळकत. विक्री म्हणावी, तर नोंदणीकृत खरेदीखत हवं. बक्षीस म्हणावं, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि दोन साक्षीदार हवेत. "आमच्यानंतर तुझं" म्हणजे मृत्युपत्र म्हणावं, तर ते लेखी आणि दोन साक्षीदारांसमोर झालेलं हवं. तिन्ही दारं बंद. घर माझ्या मालकीचं झालं, असं ते मामांच्या तोंडी शब्दावर म्हणू शकतील, अशी आशा आम्ही त्यांना दाखवली नाही.

पण एक चौथं, लहान दार आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, ज्याला वकील मंडळी ईझमेंट ॲक्ट म्हणतात, कलम ६० आहे. मालकानं दुसऱ्याला आपल्या जागेत राहायची नुसती परवानगी दिली, तर ती एरवी केव्हाही काढून घेता येते. पण त्या परवानगीवर विसंबून त्या माणसानं स्वतःच्या खर्चानं कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल, तर ती काढून घेता येत नाही. बघा, आज आपण ज्या न्यायबुद्धीबद्दल बोलतोय, ती इथे दीडशे वर्षांपूर्वीच कलम होऊन बसली आहे.

आम्ही त्यांना विचारलं, काय काय बांधलं ते नीट सांगा. छप्पर बदलणं हे दुरुस्तीत मोडतं की कायम बांधकामात, यावर वाद होईल. रंग, फरशी, गळती यांचा तर उपयोगच नाही. पण स्लॅबच्या दोन खोल्या म्हणजे कायम स्वरूपाचं काम. त्या मामांच्या हयातीत, त्यांच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. मग विचारलं, बांधकामाची ग्रामपंचायतीची परवानगी कुणाच्या सहीनं काढली? ते थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "मामांच्याच. त्यांनीच अर्ज केला होता." सिमेंट-लोखंडाची बिलं? काही आहेत. गवंडी? तो गावातच आहे.

आम्ही म्हणालो, हे सगळं घेऊन आधी चांगल्या वकिलाला भेटा. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. तुमच्या पुराव्यावर न्यायालय काय म्हणेल, ते न्यायालयच ठरवील. पण वकिलाकडे "मामांनी मला घर दिलं" अशी सुरुवात करू नका. ते सिद्ध करायला तुमच्याकडे काही नाही. "मामांच्या सांगण्यावरून मी हे बांधलं, त्यांच्या समोर बांधलं, आता मला बाहेर काढू नये" अशी सुरुवात करा. मागणी लहान आहे, पण तिला उभं राहायला जमीन आहे.

जाताना ते म्हणाले, "म्हणजे कागद होता तर, सर. मामांनी पंचायतीत दिलेला." आम्ही म्हणालो, हो. तुम्ही मागितला नव्हता, तरी त्यांनी दिला होता.

पुढच्या वेळी आपण याच प्रश्नाची दुसरी बाजू घेऊ. शब्द दिला तेव्हा तो मनापासून होता, पण नंतर शब्द देणाऱ्याचीच परिस्थिती पालटली. त्याच्याकडे न्यायबुद्धी कशी पाहते, ते बघू.